बीएफ-थ्री ट्यूब घ्यावी की हेलियम-थ्री?

कलिन्याच्या लॅबमधली पोरं विचारतात न्यूट्रॉन मोजायला कोणती ट्यूब बरी. न्यूट्रॉनला चार्जच नाही, गॅसमधून तो गुपचूप निघून जातो, एखाद्या न्यूक्लियसने त्याला गिळून चार्जवाले तुकडे फेकले तरच पल्स मिळतो. हेलियम-३ मध्ये प्रोटॉन-ट्रिटॉनला मिळून ७६४ केईव्ही मिळतात, बीएफ-थ्री म्हणजे बोरॉन ट्रायफ्लोराइड गॅस, त्यातल्या बोरॉन-१० मध्ये अल्फा-लिथियमला बहुतेक वेळा २.३१ एमईव्ही, म्हणजे तिप्पट, म्हणून गामा जास्त असेल तिथे मी बोरॉनच घेईन, थ्रेशोल्ड वर ठेवला की गामाचे बारके पल्स आरामात कापले जातात. पण बीएफ-थ्री विषारी, आणि प्रेशर फार वाढवता येत नाही. हेलियम १० अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंतही भरतात, त्यामुळे एफिशियन्सी त्याचीच जास्त, फक्त महाग पडतो. आणि हो, हेलियम-३ च्या स्पेक्ट्रममध्ये १९१ आणि ५७३ केईव्हीला पायऱ्या दिसल्या तर ट्यूब बिघडलेली नाही, एक तुकडा भिंतीत गेलाय एवढंच.