टोटल लॉसचं पत्र: गाडी देऊन टाकावी की ठेवून घ्यावी?

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मावसबहिणीच्या गाडीला न्यू जर्सीत हरणानं धडक दिली. गाडी सहा वर्षांची. बोनेट, दिवे, रेडिएटर गेलं, एअरबॅग उघडली. पंधरा दिवसांनी इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं: गाडी टोटल लॉस, म्हणजे ती दुरुस्त करणं कंपनीला परवडत नाही. बहीण ते घेऊन माझ्याकडे आली. "दादा, हे डिडक्टिबल कापतात, सॅल्व्हेजही कापतात, आणि डेप्रिसिएशन अजून कापलेलंच नाही. मग हातात काय राहणार?"

पत्रात दोन रकाने होते. गाडी कंपनीला दिली तर १३,९२७ डॉलर ५० सेंट, ठेवून घेतली तर १०,७२७ डॉलर ५० सेंट. निवड इथेच करायची असते. चार वर्षांपूर्वी अशाच पत्रावर मी दुसऱ्या रकान्यावर खूण केली होती, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या जवळून पाहिल्या आहेत.

तिची भीती समजण्यासारखी होती, कारण ती पुण्याच्या सवयीनं पत्र वाचत होती. भारतात दुरुस्तीच्या क्लेममध्ये डेप्रिसिएशन म्हणजे घसारा बिलावर, पार्टनुसार कापला जातो: प्लास्टिक आणि रबराला निम्मा, धातूला गाडीच्या वयाप्रमाणे. गाडी पूर्ण गेली तर पॉलिसीत आधीच लिहिलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, मिळते आणि तीही ठरलेल्या तक्त्यानं उतरत जाते. अमेरिकेत गाडीच्या टोटल लॉसमध्ये असा तक्ता नसतो. हरीण धडकायच्या आदल्या क्षणी तशी गाडी आसपासच्या बाजारात कितीला मिळाली असती, ती किंमत धरतात. म्हणजे घसाऱ्याची वेगळी ओळ पत्रात शोधून सापडत नाही, तो त्या किमतीत आधीच मुरलेला असतो. तिच्या पत्रात ही किंमत १४,००० होती, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर म्हणजे ९२७ डॉलर ५० सेंट मिळवला होता. घसारा पुन्हा कापला जाणार नव्हता.

डिडक्टिबल त्या मानानं सरळ आहे. पॉलिसी घेताना नुकसानीतले पहिले १,००० डॉलर माझे, असं तिनंच मान्य केलं होतं. ते दोन्ही रकान्यांत सारखेच वजा होतात, त्यामुळे निवड करताना ते बाजूला ठेवायला हरकत नाही. (चूक दुसऱ्या ड्रायव्हरची असती, तर आपल्या कंपनीनं त्याच्याकडून वसुली केल्यावर ही रक्कम पूर्ण किंवा काही अंशी परत येऊ शकली असती. हरणाकडून कोण वसूल करणार!)

उरलं सॅल्व्हेज, म्हणजे मोडक्या गाडीची किंमत. ३,२०० डॉलर. भंगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किलोवर मोजलेलं लोखंड येतं. ही किंमत तशी नव्हे. लिलावात एखादा व्यापारी त्या गाडीचं शाबूत इंजिन, गिअरबॉक्स, मागचे दरवाजे पाहून जेवढे देईल, तेवढी ती असते. गाडी कंपनीला दिली तर हे पैसे कंपनीला लिलावात मिळतात. आपण ठेवली तर कंपनीचं ते उत्पन्न बुडतं, म्हणून तेवढी रक्कम आपल्यातून वजा होते. तो दंड नाही. आपण आपलीच मोडकी गाडी ३,२०० डॉलरला विकत घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे कळल्यावर हिशेब मोहात पाडतो. कंपनीचा दुरुस्तीचा अंदाज ११,६०० होता. त्यात सॅल्व्हेज मिळवलं की आकडा १४,००० च्या वर जातो, म्हणूनच गाडी टोटल ठरली. पण ओळखीचा गॅरेजवाला जुने पार्ट वापरून ६,५०० मध्ये करून देतो म्हणाला. ३,२०० आणि ६,५०० मिळून ९,७००. इंजिन आपल्या माहितीतलं, सर्व्हिस वेळेवर झालेली, आणि बाजारात तशीच गाडी १४,००० ला. ठेवणाऱ्याच्या बाजूनं हे खरंच मोठं कारण आहे, आणि ज्याला स्वतः गाडी उघडता येते त्याला मी अडवणार नाही.

माझंही गणित तेव्हा असंच होतं. बिघडलं ते एका बोनेटच्या पावतीवर. गाडी ठेवून घेतली की तिचे कागद सॅल्व्हेजचे होतात. दुरुस्ती करून, मोटर व्हेइकल कमिशनची वेगळी तपासणी होऊन नवे कागद मिळेपर्यंत ती रस्त्यावर आणता येत नाही. तपासणीत गाडी किती छान चालते यापेक्षा आधी बघतात ते बदललेले पार्ट कुठून आले, कारण चोरीचे पार्ट बसवलेले नाहीत ना, हा त्यांचा मुख्य प्रश्न. माझ्या गॅरेजवाल्यानं बोनेट जंकयार्डमधून रोखीनं आणलं होतं. चिठ्ठी होती, पण बोनेट ज्या गाडीचं, तिचा नंबर त्यावर नव्हता. त्या एका नंबरासाठी मी तीन वेळा जंकयार्डला गेलो. सात आठवडे दुरुस्त केलेली, धुतलेली गाडी ड्राइव्हवेत उभी, आणि मी भाड्याच्या गाडीनं ऑफिसला. भाडं इन्शुरन्सकडून मिळेल असं मी धरून चाललो होतो, पण सेटलमेंटची ऑफर आल्यावर थोड्याच दिवसांत ती सोय संपली. दुरुस्तीत वाचवलेल्या पैशातला बराच भाग त्या भाड्यात गेला.

पुढेही कागदांवरचा शिक्का काही पुसला जात नाही. मी तीन कंपन्यांना विचारलं. दोघींनी अशा गाडीला फक्त लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर देऊ केलं, स्वतःच्या नुकसानीचं नाही. विकताना गिऱ्हाईक कागद बघून भाव पाडतं तो वेगळाच. दुसऱ्या कुणाला कदाचित चांगला गॅरेजवाला आणि नीट पावत्या मिळतील. माझा अनुभव एका गाडीचा आहे. आणि गाडीवर कर्ज असेल तर निवड पूर्णपणे आपल्या हातात नसतेच, बँकेची संमती लागते.

म्हणून मी बहिणीला सांगितलं, गाडी ठेवायची की नाही यावर झोप घालवण्यापेक्षा १४,००० च्या आकड्यावर एक संध्याकाळ घाल. कंपनीकडून किमतीचा पूर्ण अहवाल मागून घेतला. आसपासच्या तीन गाड्या धरल्या होत्या, मायलेज बरोबर होतं, पण तिची गाडी सर्वांत साध्या मॉडेलची म्हणून नोंदवली होती. तिच्या गाडीला सनरूफ आहे. डीलरचं मूळ बिल आणि दोन फोटो पाठवले. घसारा कुठे लपलेला असतो ते इथं दिसतं: मॉडेल चुकलं, टायर जास्त झिजलेले लिहिले, की किंमत निमूट खाली येते आणि पत्रात त्याची एक ओळही दिसत नाही. आठवड्यानं सुधारलेलं पत्र आलं. किंमत १४,६००, करासह आणि डिडक्टिबल वजा जाता १४,५६७ डॉलर २५ सेंट. फोनवरच्या माणसानं आवाजसुद्धा चढवला नाही. ते ६४० डॉलर दोन ईमेलांत मिळाले, जंकयार्डची एकही फेरी न मारता.

तिनं पहिल्या रकान्यावर सही केली. टो ट्रक यायच्या आधी आम्ही यार्डात जाऊन कमिशनला परत करायच्या नंबरप्लेट काढल्या, काचेवरचा टोलचा टॅग काढला, आणि डॅशबोर्डवरचा गणपती तिनं ओढणीत गुंडाळून घेतला.