खर्चावर टक्का की कामाच्या मोलावर दर? जॉबवर्क करणाऱ्यांसाठी एक तुलना

सुटे भाग करून देणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये दर काढण्याची रूढ रीत म्हणजे मालाचा खर्च, मशीन अवर रेटने लागलेला वेळ आणि त्यावर ठरलेला टक्का. या रीतीत हिशेब कोणालाही समजावता येतो आणि पोलादाचा भाव चढला की वाढीव दर मागताना संकोच वाटत नाही.

तरीही तिची एक खोड मला सोसली नाही. आमच्या नियमित कामातल्या एका भागाला 140 रुपयांचा माल आणि ताशी 600 रुपयांनी 18 मिनिटांचे, म्हणजे 180 रुपयांचे मशीनिंग लागत असे. 320 रुपयांवर 15 टक्के धरून 48 रुपये नफा आणि 368 रुपये दर. पुढे आम्ही फिक्स्चर बदलून दोन सेटिंगचे काम एका सेटिंगवर आणले आणि वेळ 11 मिनिटांवर आला. खर्च 250 रुपये झाला आणि नव्या ऑर्डरच्या वेळी ग्राहकाच्या पर्चेस विभागाने खर्चाचा ब्रेकअप मागून त्याच टक्क्याने दर 287.50 रुपयांवर आणला. डोके आमचे चालले आणि प्रत्येक नगामागचा नफा मात्र साडेदहा रुपयांनी घटला. वाचलेल्या 7 मिनिटांत दुसरे काम घेता येते हे खरे, पण ते हाताशी असले तर!

मोलावर दर ठरवताना हिशेब ग्राहकाच्या बाजूने सुरू होतो. एका कारखान्याची पॅकिंग लाइन वर्म व्हील तुटल्याने बंद पडली होती. परदेशातून सुटा भाग मागवायचा तर 70 हजार रुपये आणि चार आठवडे लागणार होते. फॉस्फर ब्राँझचे तसेच व्हील तीन दिवसांत करून देण्याचा आमचा खर्च 9 हजारांच्या आसपास होता. आम्ही 38 हजार सांगितले आणि ते तक्रारीविना मान्य झाले. दराची कमाल मर्यादा ग्राहकाच्या एकूण नुकसानीने ठरत नाही, तर त्याच्यापुढच्या दुसऱ्या उत्तम पर्यायाने ठरते. शेजारच्या शेडमध्ये हेच व्हील 15 हजारांत होत असते, तर आमच्या 38 हजारांना काहीच अर्थ उरला नसता. हा पर्याय कोणता आहे, हे पर्चेसपेक्षा मेंटेनन्सच्या माणसाकडून लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

साधे बुश, पिन, स्पेसर अशा दहा ठिकाणी होणाऱ्या कामांना जुनी रीतच बरी, आणि ड्रॉइंग पक्के नसलेल्या विकासाच्या कामातही कदाचित तीच सुरक्षित. मात्र ज्या कामात आपली युक्ती किंवा वेग विकला जातो, तिथे खर्चाचा तक्ता मी दराची किमान पातळी पाहण्यापुरताच ठेवतो आणि कोटेशनवर एकच आकडा व डिलिव्हरीची तारीख लिहितो.