चमचा, टोपण की सिरिंज? मुलीच्या अँटिबायोटिकची तीन दिवसांची गफलत

लहान मुलाचं पातळ औषध मोजायला घरात सहसा तीन गोष्टी हाताशी असतात. स्वयंपाकघरातला चमचा, बाटलीवरचं मापाचं टोपण आणि बिनसुईची सिरिंज. कशानंही मोजलं तरी पाच मिली ते पाच मिलीच, असं मी धरून चालले होते. मुलगी दोन वर्षांची होती आणि अँटिबायोटिक द्यायची माझी पहिलीच वेळ. तेव्हा या तिघांत काय फरक आहे ते शेजारच्या काकूंनी आमच्या ओट्याशी उभं राहून दाखवलं. कशानं मोजायचं हे तुम्ही ठरवत असाल, तर तेच इथे मांडते.

मुलीच्या पोटरीवरची खरचटलेली जागा पिकली होती. भोवती लाल, गरम, हात लावू देईना. डॉक्टरांनी वजन केलं, बारा किलो भरलं, आणि सेफालेक्सिनचं सिरप लिहून दिलं. पाच मिलीत २५० मिलिग्रॅम औषध. पाच मिली सकाळी, पाच मिली संध्याकाळी, सात दिवस. लाल भागाच्या कडेनं त्यांनी पेनानं रेघही ओढली. म्हणाल्या, "लाली या रेघेबाहेर गेली तर लगेच या. दोन-तीन दिवसांत आत सरकायला हवी." औषध देणाऱ्यानं बाटलीवर लिहिलं, "१ चमचा, दोन वेळा". घोळ इथूनच सुरू झाला. त्या माणसाच्या डोक्यातला चमचा म्हणजे टीस्पून, पाच मिलीचं ठरलेलं माप. माझ्या डोक्यातला चमचा म्हणजे ड्रॉवरमधला चहाचा चमचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू मुलीला बघायला आल्या. सहावा डोस नुकताच देऊन झाला होता. लाली रेघेबाहेर गेली नव्हती, पण आतही सरकली नव्हती. काकूंनी आधी पाय पाहिला, मग बाटली उचलून उजेडात धरली. त्यांची बरीच वर्षं औषधाच्या काउंटरमागे गेली आहेत.

"किती मिलीची बाटली ही?"

"शंभर."

"आणि किती डोस झाले?"

"सहा."

"मग तीस मिली जायला हवं होतं गं. इथे तर वीससुद्धा गेलेलं दिसत नाही. मोजतेस कशानं?"

मी चमचा दाखवला. काकूंनी तो काठोकाठ पाणी घालून भरला आणि औषधाबरोबर आलेल्या सिरिंजनं ते पाणी ओढून घेतलं. ती सिरिंज मी खोक्यातून बाहेरही काढली नव्हती. चार मिली भरलं. मग म्हणाल्या, "आता रोज भरतेस तसा भर, आणि तिच्या तोंडापर्यंत नेतेस तसा चालत ने." सांडू नये म्हणून मी रोज चमचा थोडा रिकामाच ठेवायची. या खेपेला सिरिंजमध्ये तीन मिली आलं. म्हणजे दर डोसला २५० ऐवजी १५० मिलिग्रॅम, आणि त्यातूनही चमच्याला चिकटून राहायचं ते वेगळंच.

स्वयंपाकघरातल्या चमच्याची खोड हीच. त्याला ठरलेलं माप नसतं. चहाचे म्हणून जे चमचे वापरतो त्यांत कुणात अडीच मिली मावतं, कुणात सात. काकूंनी आमचाच दुसरा, जरा खोलगट चमचा भरून पाहिला, तर त्यात आठ मिली बसलं. तो नवऱ्याचा आवडता. मुलीला एखादा डोस नवऱ्यानं त्या चमच्यानं दिला असता तर तोच "एक चमचा" माझ्या तीन मिलीच्या अडीच पटीच्या वर गेला असता. शिवाय बाटलीची पातळी बघून चूक पकडायची काकूंची युक्ती तेव्हा चालली नसती. सकाळी माझ्या चमच्यानं तीन आणि संध्याकाळी त्याचा चमचा थोडा रिकामा ठेवून सात मिली गेलं तर बाटलीतून रोज बरोबर दहाच मिली कमी होतं. बाटली म्हणते सगळं ठीक, आणि डोस मात्र एकही बरोबर नाही.

कमी डोसनं बिघडतं काय? सेफालेक्सिनसारखं औषध रक्तात एका पातळीच्या वर पुरेसा वेळ टिकलं तरच जिवाणू मरतात. डोस कमी पडला की औषध त्या पातळीखाली लवकर येतं आणि पुढच्या डोसपर्यंत जिवाणूंना मोकळीक मिळते. लेचेपेचे मरतात, चिवट तग धरतात. उलट्या बाजूनं जास्त डोस गेला तर या औषधात बहुधा जुलाब आणि उलट्यांवर भागतं. पण तापाच्या पॅरासिटामॉलच्या बाबतीत तोच आठ मिलीचा चमचा पुन्हा पुन्हा गेला तर यकृतावर बेतू शकतं.

मापाचं टोपण किंवा छोटा कप चमच्यापेक्षा पुष्कळ बरा, कारण त्यावर निदान रेघा असतात. दहा-पंधरा मिलीचा डोस असेल आणि मूल स्वतः कपातून पिणारं असेल, तर मी आजही कपच घेईन. कमी मापाला मात्र तो दगा देतो. तोंड रुंद असल्यामुळे पातळी केसभर वर-खाली झाली की अर्धा-एक मिलीचा फरक पडतो. पाचात एक मिली चुकणं म्हणजे वीस टक्के. बहुतेक जण कप हातात धरून वरून बघत भरतात आणि तिथेच चुकतात. तो टेबलावर ठेवून, वाकून, डोळे रेघेच्या उंचीला आणून बघायचा असतो. घट्ट सिरप भिंतींना चिकटून राहतं ते वेगळं. काही कपांवर मिली, टीस्पून आणि टेबलस्पून अशा तिन्ही रेघा शेजारीशेजारी असतात. टेबलस्पून म्हणजे पंधरा मिली, टीस्पूनच्या तिप्पट. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन या दोन रेघांत गल्लत होणं अजिबात अवघड नाही.

बिनसुईची सिरिंज अरुंद असते, म्हणून एक मिली म्हणजे डोळ्याला स्पष्ट दिसणारं अंतर. अर्धा मिलीही नीट वाचता येतो. साडेतीन, साडेचार असे डोस तर दुसऱ्या कशानं धड मोजताच येत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली हेच सांगितलं की मुलांचे डोस फक्त मिलीत लिहावेत आणि घरातले चमचे वापरू नयेत. त्यांची पहिली पसंतीही सिरिंजलाच आहे.

ती वापरायची कशी हे काकूंनी माझ्याकडूनच करून घेतलं. टोकावरचं बारीक टोपण आधी काढून बाजूला टाकायचं. ते निसटून मुलाच्या घशात अडकू शकतं. टोक औषधात बुडवून दट्ट्या सावकाश ओढायचा. बुडबुडा आला तर सिरिंज उभी धरून टिचकी मारायची, हवा वर आली की ढकलून काढायची आणि पुन्हा पाचापर्यंत भरायचं. माझ्या पहिल्या खेपेला मोठा बुडबुडा होता. काकू म्हणाल्या, "हे पाच नाही, हवा धरून पाच आहे." वाचायचं दट्ट्याच्या काळ्या रबराच्या पुढच्या कडेपाशी, म्हणजे औषधाला टेकलेल्या कडेपाशी. मी मागची कडा बघत होते.

मुलीला मांडीवर बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि थोडं थोडं सोडायचं. सरळ घशात पिचकारी मारली की ठसका लागतो आणि औषध अंगावर येतं. सिरिंजचे तोटेही आहेत. प्रत्येक वेळी दट्ट्या काढून साबणाच्या पाण्यानं धुवावी लागते, नाहीतर साखरेनं चिकट होते. महिन्याभरात रेघा पुसट होतात. आणि दोन वर्षांचं मूल तोंड घट्ट मिटून बसलं तर सिरिंजही हरते. तेव्हा आधी सिरिंजनं मोजून औषध चमच्यात ओतलं आणि चमच्यानं पाजलं तर काही बिघडत नाही, चमचा शेवटी चाटूनपुसून रिकामा झाला म्हणजे झालं.

काही औषधं थेंबांची येतात आणि सोबत ड्रॉपर असतो. तो त्याच बाटलीसाठी. थेंबांचं औषध बहुधा सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं, म्हणून एकाचा ड्रॉपर दुसऱ्यात घालायचा नाही.

सिरिंजनंही न सुटणारी एक गोष्ट आहे, ती मला माहीत नव्हती. हे सिरप म्हणजे खरं तर पाण्यात तरंगणारी पूड. बाटली ठेवली की पूड तळाशी बसते. न हलवता ओढलं तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे तीव्र. काकूंनी बाटली तिरपी करून तळाचा पांढरा थर दाखवला. मी दोन झटके देऊन ओतत होते. तो थर दिसेनासा होईपर्यंत हलवायची, आणि वर फेस आला तर तो बसू द्यायचा, नाहीतर सिरिंजमध्ये फेसच मोजला जातो.

राहून गेलेलं औषध एकदम देऊन भरून काढावं असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, "ते मनानं नको, आधी फोन कर." डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या की मागचं भरून काढायचं नाही, डोस दुप्पट करायचा नाही. उद्या सकाळपासून नीट पाच मिली, आणि सात दिवस तिथून नव्यानं मोजायचे. बाटलीत ब्याऐंशी मिली होतं आणि सत्तर लागणार होतं, म्हणजे औषध पुरत होतं. पाण्यात मिसळल्यापासून फ्रिजमध्ये चौदा दिवस चालेल असं लेबलवर होतं, तेही त्यांनी वाचून घ्यायला लावलं. सगळ्या औषधांना एवढी मुदत नसते.

नव्या मापानं दिल्यावर तिसऱ्या सकाळी लाली पेनाच्या रेघेपासून बोटभर आत सरकली होती. सिरिंजवर पाचच्या रेघेशी मी नेलपॉलिशची बारीक खूण केली, म्हणजे नवऱ्यालाही झोपेत चुकायला नको. ती सात दिवस फार कामी आली. पण पुढच्या महिन्यात सर्दीचं औषध साडेतीन मिली होतं, आणि त्याचा हात सवयीनं पाचच्या खुणेवर जाऊन थांबला. ती खूण मी तिथल्या तिथे खरवडून काढली.