सीव्ही छाटायचा की रेझ्युमे नव्याने लिहायचा?

पीएचडीनंतर डेटाच्या नोकरीकडे वळलेली माझी मावसबहीण इथेच अडली होती. नऊ पानी सीव्ही छाटणं एका संध्याकाळचं काम. पण उरतात ती पेपरची शीर्षकं, आणि त्यावरून विस्कळीत डेटा कोणी साफ केला हे कळत नाही. नव्याने लिहायला तिला आठवडा लागला. पावसावरच्या पेपरची ओळ मग अशी झाली: "४० केंद्रांच्या २० वर्षांच्या नोंदी पायथनने जुळवल्या, अंदाजातली चूक १८ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आणली." मुलाखतीत अशाच ओळीवर खोदून विचारतात, म्हणून सहलेखकाचं काम आपल्या नावावर लिहू नये.

संशोधन विभागातल्या पदासाठी निवडक पेपरांचा छाटलेला सीव्ही चालतो. ॲनालिस्टच्या पदासाठी मात्र नव्याने लिहिलेलाच पाठवावा. पेपर शेवटी एका ओळीत, लिंकसह.