घरमालकांच्या राउटरसोबत सात महिने: रोज रात्री अकराला झोपणारं वायफाय

जूनमध्ये कोथरूडच्या या वन बीएचकेत आलो तेव्हा भिंतीवर राउटर आधीच होता. कनेक्शन मालकांच्या, म्हणजे काकांच्या नावावर. काका साताऱ्याला असतात, बिल मी भरतो. राउटर चालवणारे आधीचे भाडेकरू, ते मार्चमध्ये बंगळुरूला गेले. फायबरची वायर थेट याच डब्यात येते, आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. फुकटात मिळाला म्हणून मी खुश होतो. ऑगस्टपर्यंत.

ऑगस्टमध्ये माझी शिफ्ट बदलली आणि लक्षात आलं, की रात्री अकराला वायफाय जातं. रोज, अगदी ठोक्याला. सकाळी उठलो की आलेलं असतं. कस्टमर केअरला तीनदा फोन झाले. माणूस आला तो सकाळी दहाला, तेव्हा अर्थातच सगळं झकास. ‘अडॅप्टर गरम होत असेल,’ म्हणाला. अडीचशे रुपयांचा नवा अडॅप्टर आणला. रात्री अकराला पुन्हा अंधार. महिनाभर मोबाइलच्या डेटावर मीटिंगा केल्या त्याचे पैसे वेगळे. त्या वेळी हा रिव्ह्यू लिहिला असता तर अर्धा स्टारही दिला नसता.

मत बदललं ते सप्टेंबरात, एका रात्री चिडून राउटरसमोरच बसलो तेव्हा. अकरा वाजले आणि सगळे दिवे गेले नाहीत. फायबरचा दिवा हिरवा, इंटरनेटचा हिरवा, फक्त WLAN लिहिलेला दिवा विझला. लॅपटॉपला केबल लावली, नेट धावतंय! म्हणजे लाइन ठीक, डबाही ठीक, फक्त वायफायचा रेडिओ कोणीतरी बंद करतंय. त्यात शुक्रवारी आणि शनिवारी रात्री वायफाय जात नव्हतं. बिघाडाला वीकेंड कळत नाही. हे कोणीतरी लावलेलं वेळापत्रक होतं.

वेळापत्रक काढायचं तर राउटरच्या आत शिरायला हवं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं, लॉगिनचं पान आलं. राउटरच्या खालच्या स्टिकरवर युजरनेम admin, पासवर्डही admin. चालेना. तीन चुका झाल्या की पान एक मिनिट थांबायला लावतं. आधीच्यांनी पासवर्ड बदलला होता, आणि खरं सांगायचं तर बरोबरच केलं होतं.

‘मग मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाब ना, रीसेट होईल,’ हे मला चार जणांनी सांगितलं. इथे थांबा. फायबरची वायर दुसऱ्या डब्यात येत असेल आणि तुमचा राउटर त्याच्यापुढे नुसता वायफाय वाटायला बसवलेला असेल, तर रीसेटने बहुतेक वेळा फारसं बिघडत नाही. पण माझ्यासारखं एकाच डब्यात सगळं असेल, तर कंपनीच्या नेटला जोडणारं पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर त्याच डब्यात साठवलेले असतात. रीसेटमध्ये तेही पुसले जाऊ शकतात. काही कंपन्या ते लांबून परत भरतात, काहींचा माणूस यावा लागतो. आमची कंपनी तर नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवल्याशिवाय बोलतच नाही, आणि तो नंबर काकांचा. म्हणजे फिरून काकांकडेच.

काकांना पहिला मेसेज केला तो असा: ‘काका, राउटरचा पासवर्ड द्या ना.’ दहा मिनिटांत उत्तर आलं, वायफायचा पासवर्ड. तोच, जो जूनपासून माझ्या फोनमध्ये होता. चूक माझी. दोन वेगळे पासवर्ड असतात हे काकांना कशाला माहीत असेल?

दुसरा मेसेज मी रविवारी बसून लिहिला. पहिल्या खर्ड्यात ‘त्यांनी उगाच लॉक करून ठेवलंय’ असं वाक्य होतं, ते काढलं. पासवर्ड काकांकडे असण्याची शक्यता कमीच होती, मेसेज पुढे बंगळुरूला जाणार होता. तिथे पोहोचल्यावरही तो बरा वाटायला हवा आणि काकांनी काही न समजावता कळायला हवा. शेवटी हा गेला:

‘नमस्कार काका, काकूंचा गुडघा कसा आहे आता? एक छोटं काम होतं. वायफायचा पासवर्ड माझ्याकडे आहे, तो नको. राउटरच्या सेटिंगमध्ये जायला वेगळं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. तो आधीच्या मंडळींनी ठेवला असावा, कारण राउटरखालच्या स्टिकरवरचा admin चालत नाही. रात्री अकराला वायफाय आपोआप बंद होतं, तेवढी एक वेळ बदलायची आहे. हा मेसेज त्यांना तसाच पुढे पाठवलात तरी चालेल. त्यांना आठवत नसेल तर राउटर रीसेट करावा लागेल. त्यासाठी कंपनीचा ओटीपी तुमच्या फोनवर येईल, तेव्हा सोयीच्या वेळी पाच मिनिटं द्या. तुम्हाला विचारल्याशिवाय रीसेट करणार नाही. नवा पासवर्ड ठेवला की तुम्हालाही कळवतो.’

काकांचा नुसता अंगठा आला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगळुरूहून फिरून आलेला एक फोटो मिळाला: डायरीचं पान, निळ्या पेनाने लिहिलेला पासवर्ड, आणि खाली ‘मुलीची दहावी होती, म्हणून टायमर लावला होता, काढायचा राहिला. सॉरी.’ माझा सगळा राग तिथेच विरघळला. पासवर्डमध्ये एक गोल होता, तो शून्य की ओ कळेना. शून्य टाकून चुकलो, कॅपिटल ओने उघडलं.

आत वायरलेसखाली शेड्यूल होतं: रविवार ते गुरुवार, 23:00 ते 05:30. एक टिक काढली, सेव्ह केलं. एवढ्यासाठी दीड महिना आणि अडॅप्टरचे अडीचशे!

मग तिथेच थोडं फिरलो. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी एक पोर्ट बाहेरून उघडा ठेवला होता, तो बंद केला. बाहेरून राउटर चालवायची सोय सुरू होती, तीही बंद केली. वायफायचा आणि अॅडमिनचा, दोन्ही पासवर्ड बदलले, कारण जुना आता तीन जणांच्या चॅटमध्ये पडून होता. नवा काकांना फोनवर सांगितला, त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला. सेटिंगची फाइल बॅकअप म्हणून लॅपटॉपवर उतरवली. पुढे रीसेटची वेळ आली तर याच राउटरवर ती परत चढवता येईल.

त्यानंतरचे चार महिने एकही रात्र वायफाय गेलेलं नाही. तरी चार स्टार देणार नाही, तीनच. आत शिरल्यावर कळलं, की याची लॅन पोर्टं शंभर एमबीपीएसची आहेत. मी पैसे भरतो दीडशेच्या प्लॅनचे. केबल लावूनही चौऱ्याण्णवच्या वर जात नाही, वायफायवर तर हॉलमध्ये चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे जूनपासून वरच्या पन्नासचे पैसे पाण्यात. प्लॅन खाली आणायचा तर पुन्हा ओटीपी, पुन्हा काका. तो मेसेज लिहून ठेवलाय. एक तारखेला भाडं जमा झालं की पाठवतो.