पाइप फुटलाय, जाहिरात कोणती चालेल?

पहिली स्क्रिप्ट: “नागपुरात विश्वासाची प्लंबिंग सेवा. नळ, टाकी, बाथरूम फिटिंग, वाजवी दर. आजच फोन करा.”

दुसरी: “पाइप फुटला? गच्चीवर जा, टाकीच्या आउटलेटचा वॉल्व्ह बंद करा. गिझरचं बटण बंद. आता फोन लावा. मानेवाडा, प्रतापनगर, धरमपेठ, रात्रीही. येण्याचे पैसे फोनवरच सांगतो.”

पहिली बाथरूम नव्यानं करणाऱ्याला ठीक. घोट्याएवढ्या पाण्यात उभा माणूस ती ऐकत नाही.

दुसरीचं बळ गच्चीच्या वाक्यात आहे. घाबरलेला माणूस आधी मीटरजवळचा कॉक फिरवतो, पण बाथरूमची लाइन टाकीवरून येते. हजार लिटरची टाकी रिकामी होईस्तोवर पाणी वाहतच राहतं. जुना गेट वॉल्व्ह मात्र जाम असतो, पान्यानं जोर लावला तर स्पिंडल तुटतो. म्हणून “फिरत नसेल तर जोर लावू नका, खालचे नळ सोडा” हे जोडाच. टाकीतलं पाणी मोरीत जाईल, घरात कमी.

सगळं साधारण २० सेकंदांत बसतं. जागा कमी पडली तर भागांची नावं कापा, वॉल्व्ह नाही. आणि रात्री फोन उचलणार नसाल, तर “रात्रीही” काढून टाका.