डिशवॉशरमध्ये बाळाच्या बाटल्या : आठ महिन्यांचा अनुभव

डिशवॉशर घेतला तो बाटल्यांसाठी नाही, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांना कंटाळून. पण लेक झाल्यावर रोजच्या सहा बाटल्या, त्यांची निपल, गोल रिंगा, टोपणं आणि दोन चोखण्या हे सगळं त्यातच जायला लागलं. सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "अगं, उकळल्याशिवाय काही खरं नाही." आठ महिन्यांनंतर सांगते, त्या अर्ध्या बरोबर होत्या.

घोळ 'निर्जंतुक' या शब्दात आहे. गरम पाणी आणि डिटर्जंट यांनी बहुतेक जंतू मरतात, पण सगळे जंतू संपले असं मशीन करत नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस म्हणते, डिशवॉशर बाटली स्वच्छ करतो, निर्जंतुक करत नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत ते काम वेगळं करा. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी म्हणते, गरम पाण्याची सायकल आणि गरम हवेने वाळवणं, किंवा सॅनिटाइझ सेटिंग असेल, तर वेगळं काही करायची गरज नाही. मी दुसरं वाचून खूश झाले आणि 'गरम हवेने वाळवणं' हे शब्द सोडून दिले.

आमच्या मशीनमध्ये गरम हवा नाहीच. भांडी तापलेली असतात, त्याच उष्णतेने पाणी उडतं. काच आणि स्टील त्यामुळे कोरडं निघतं, प्लास्टिक मात्र उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून बाटल्या कायम ओल्या. पहिल्या महिन्यात मी त्या तशाच ओल्या टोपण लावून ठेवायचे. एकदा दोन दिवसांनी एक उघडली तर आत कुबट वास. आता मशीन थांबलं की दार उघडते, हात धुऊन एकेक भाग काढते, पाणी झटकते आणि स्वच्छ कोऱ्या टॉवेलवर पालथा ठेवते. ओट्याच्या फडक्याने आतून पुसत नाही. सगळं केलेलं त्या एका फडक्याने वाया जातं.

सायकल निवडताना ७० अंशांची इंटेन्सिव्ह घेते, शिवाय जास्त वेळ तापमान धरून ठेवणारं बटण. इको आणि अर्ध्या तासाची एक्सप्रेस बाटल्यांसाठी नाही. मॅन्युअलमध्ये शेवटच्या विसळणीचं पाणी किती तापतं तेही बघा, कारण ७० हा आकडा बऱ्याचदा मधल्या धुण्याचाच असतो.

तरी सगळ्यात जास्त फसवलं ते मांडणीने. एका सकाळी एक बाटली पाण्याच्या झोताने उलटून सरळ उभी राहिली होती, आत तळाशी पांढुरकं, गढूळ पाणी. बाहेरून मात्र चकचकीत! तेव्हापासून सगळं वरच्या रॅकमध्ये, बाटल्या दांड्यांवर घट्ट पालथ्या, आणि निपल-रिंगा झाकणाच्या जाळीच्या डब्यात. ज्या मशीनमध्ये तळाशी हीटिंग रॉड उघडा असतो, तिथे खाली पडलेली रिंग वितळते. आत जाण्याआधी सगळे भाग सुटे करून लगेच विसळायचे. दूध रिंगेच्या आट्यांत सुकलं की मशीनलाही ते निघत नाही. बोट फिरवून बघा, चिकट तेलकट लागलं तर परत ब्रश.

चोखणीचा त्रास वेगळा. तिच्या पोकळ बोंडात पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. दाबून काढावं लागतं, उन्हाकडे धरून आत थेंब दिसतोय का बघावं लागतं. सिलिकॉनची असेल तरच मशीनमध्ये, तीही पाकिटावर तसं लिहिलं असेल तर. रबराची (लॅटेक्स) उष्णतेने लवकर चिकट आणि मऊ होते; आमची पहिली तशीच गेली.

आणि हळद! चिकन रश्श्याच्या भांड्यांबरोबर निपल लावली, तर दोन तासांनी पिवळीजर्द, वर मसाल्याचा वास. दोन-तीन दिवस उन्हात ठेवल्यावर रंग फिका झाला, वास मात्र राहिला आणि ती टाकली. आता बाटल्यांबरोबर फक्त पेले, चहाचे कप आणि चमचे.

सासूबाईंचं अर्ध बरोबर म्हणजे असं. पहिले दोन महिने मशीनमधून काढल्यावरही रोज एकदा सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडवून ५ मिनिटं उकळले. दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ असेल तर हे मशीनच्या भरवशावर सोडू नका. आमची पूर्ण दिवसांची आणि तब्येतीने ठणठणीत, म्हणून तिसऱ्या महिन्यापासून आमच्या डॉक्टरांना विचारून रोजचं उकळणं बंद केलं. मध्ये जुलाब झाले तेव्हा आठवडाभर पातेलं परत गॅसवर चढलं, आणि सासूबाई काही न बोलता नुसत्या हसल्या.